नाव पुकारलं आन् ढोलकी थांबली : एका लावणीच्या एडिटची पूर्ण केस

मी एडिट केलेला हा पिक्चर भंडारा जिल्ह्यातल्या एका बुडीत गावाचा आहे, काळ १९९७ चा. गोसीखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं, आणि त्यानंतर वैनगंगेच्या काठच्या गावांमध्ये मोजणी, नोटिसा, मोबदला, पुनर्वसन हे वर्षानुवर्षं चालत राहिलं, त्याच काळात ही गोष्ट घडते. दोन भाऊ आहेत, मोठा मनोहर आणि लहाना सुधाकर. शेत सातबाऱ्यावर मोठ्याच्या नावानं, पण वाटणी तोंडी झालेली, अर्धं अर्धं. मोबदल्याचा चेक येतो, मनोहर तो गुपचूप बँकेत टाकतो आणि भावाला सांगतो की अजून काही आलं नाही, साहेब पुढची तारीख देऊन राहिले. बायको कौशल्यालाही तेच सांगतो. पहिला एक तास पिक्चर ह्या एका खोट्यावर उभा आहे, आणि खरं सांगतो, छान उभा आहे.

मग मंडई येते. दिवाळीनंतर आपल्याकडं गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक असते, आणि नाटकाच्या मध्येच लावणी येते जिची अर्धं पब्लिक वाट पाहत बसलेली असते. मनोहर नाटकाला जातो, लावणी होते, दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो की पैसे आले का. रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत, लावणी होती ४ मिनिटं ४० सेकंदांची, आणि सकाळचा भावाभावाचा सीन २ मिनिटं २० सेकंदांचा.

डायरेक्टर लाखांदूर तालुक्यातला पोरगा आहे, हुशार आहे, त्यानं लावणीवर खूप खर्च केला होता. पुण्याकडून लावणी करणारी बाई आणली, खरी स्टेजवरची, रोज नाचणारी. दोन कॅमेरे, ट्रॉलीचे रूळ, एक रात्र क्रेन. गाणं दिसायला भारीच होतं. मनोहर त्या गाण्यात तीनदा दिसत होता, तीनही वेळा हसताना, आणि एकदा नोट उडवताना. बस एवढंच.

नागपुरात शंकरनगरकडच्या एका छोट्या हॉलमध्ये घरच्या घरी ट्रायल शो ठेवला होता, तीसेक लोक असतील, त्यात काही भंडाऱ्याकडचे मुद्दाम बोलावलेले. अशा शोमध्ये मी पडदा पाहत नाही, मागच्या कोपऱ्यात बसून लोकांच्या पाठी पाहतो, कारण पिक्चर तर एडिट टेबलवर पाहून पाहून पाठ झालेला असतो. पहिल्या तासात एकही मोबाईल निघाला नाही. लावणी सुरू झाली तेव्हा दोघातिघांनी शिट्या मारल्या, लोक सरसावून बसले, आणि दुसरा अंतरा लागला तसे हॉलमध्ये मोबाईलचे उजेड दिसायला लागले, दोघं उठून बाहेरही गेले. पण हे मोबाईल निघणं काही पुरावा नाही, गाण्यात लोक मोबाईल काढतातच. पुरावा नंतर चहाच्या वेळेला मिळाला. साताठ जणांना मी एकच विचारलं, लावणी कशी वाटली. सगळे म्हणाले मस्त. मग विचारलं, भावाला कळलं कसं? तर कोणी म्हणे बँकेतून कळलं असेल, कोणी म्हणे बायकोनं सांगितलं, आणि एक काका सरळ म्हणाले, "थे काही दाखवलं नाही जी पिक्चरमधे."

दाखवलं होतं. मनोहर नोट उडवतो ते दाखवलं होतं, आणि सकाळी भाऊ म्हणतो की रात्री तू पैसे उडवले ते मी पाहिले. पण पाहणाऱ्याच्या डोक्यात तो दोरा जोडलाच जात नव्हता, कारण गाणं चालू असताना गोष्ट बंद होती, आणि गोष्ट बंद असताना दाखवलेली कोणतीही गोष्ट लोक सजावट म्हणून पाहतात.

तमाशाचं किंवा लावणीचं गाणं मराठी पिक्चरमध्ये टाकायला सोपं आहे म्हणूनच ते धोक्याचं आहे. बाकी गाण्यांना कारण लागते, हिला लागत नाही, स्टेज आहे, बाई आहे, ढोलकी आहे, झालं. पण जिथं ती खरी कामाला लागली ते पिक्चर आठवून पाहा. १९७२ च्या पिंजरामध्ये तमाशातली चंद्रकला मास्तरांना चॅलेंज देते की तुमच्या हातात तुणतुणं देऊन तुम्हाला तमाशात उभं करीन. तिथून पुढं स्टेजवर कोणतीही लावणी चालू असू द्या, आपलं अर्धं लक्ष मास्तर आता किती जवळ आला ह्याच्यावर असते. २०१० च्या नटरंगमध्ये नाचणारी बाई मिळते पण फडात नाच्या पाहिजे अशी अट येते, कोणी तयार होत नाही, आणि राजाचं काम करायचं स्वप्न पाहणारा पैलवानी अंगाचा गुणा स्वतः नाच्या होतो. म्हणजे त्या फडाची लावणी उभी राहते तेव्हाच ती कोणाच्या जिवावर उभी आहे हे आपल्याला माहीत असते. दोन्हीकडं गाण्याच्या आधी काहीतरी पणाला लागलेलं आहे, आणि म्हणूनच गाणं लांबलं तरी चालते.

आमच्या पिक्चरमध्ये पणाला लागलेलं होतं ना, एवढा मोठा खोटेपणा होता. फक्त तो गाण्याच्या आत शिरत नव्हता. तर आता प्रश्न असा की लावणीच्या आत असं काय असते जे खोटं उघडं पाडू शकते.

उत्तर तमाशातच आहे, फार जुनं आहे, आणि ज्यानं एकदाही कनातीतला तमाशा किंवा झाडीपट्टीतलं नाटक पाहिलं आहे त्याला माहीत आहे. दौलतजादा. पब्लिकमधला माणूस नोट दाखवतो, बाई नाचत नाचत येऊन ती घेते, गाणं थांबते, आणि कोणी दिले, किती दिले ते सगळ्यांसमोर पुकारल्या जाते. मग ढोलकीची थाप पडते आणि गाणं पुढं. आपल्याकडं ह्याला सरळ बक्षीस म्हणतात आणि नाव माईकवर घेतात. नोट उडवणं ही पिक्चरवाल्यांची आवड आहे, हवेत नोटा स्लो मोशनमध्ये छान दिसतात, पण खऱ्या बैठकीत मजा उडवण्यात कमी आणि नाव पुकारण्यात जास्त असते. देणारा माणूस पैसे बाईला देते, पण विकत घेते ते स्वतःचं नाव, चार गावांच्या लोकांसमोर, भोंग्यावरून.

आणि मनोहरसाठी नावच तर सगळं होतं. शेत गेलं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव गेलं. पिक्चरमध्ये आधी एक सीन आहे, फार चांगला, तो तलाठ्याकडं जाते आणि उताऱ्यावर त्याच्या नावाला कंस पडलेला दिसते, खाली सरकारचं नाव. नंतर गावात त्याला लोक बुडीतवाला म्हणायला लागतात. असा माणूस, ज्याच्या खिशात आयुष्यात पहिल्यांदा पाचशेची नोट आहे, तो लावणीत काय करेल? बाईसाठी वेडा होऊन नोट उडवेल असं रफ कट सांगत होता. मला ते पटतच नव्हतं, पिक्चरभर तो माणूस कोण्या बाईकडं मान वर करून पाहत नाही. तो नाव पुकारून घेईल. त्याला मोह बाईचा पडलेला नाही, त्याला पुन्हा एकदा पूर्ण नावानं ओळखलं जायचं आहे, बापाच्या नावासकट.

हे एवढं ध्यानात आलं की मग पूर्ण सिक्वेन्स कसा लावायचा ते दिसायला लागलं. शूट परत करायचे पैसे नव्हते, जे काय करायचं ते असलेल्या फुटेजमधून.

पहिली अडचण अशी की शहरातल्या पाहणाऱ्याला पुकारण्याची ही रीत माहीत असेलच असं नाही. आणि रीत माहीत नसेल तर मनोहरचं नाव पुकारलं तेव्हा तो चमकणार नाही, त्याला वाटेल हे काहीतरी नवीनच सुरू झालं. म्हणून मनोहरच्या आधी दुसऱ्या कोणाचं तरी बक्षीस पाहिजे, ज्याचा गोष्टीशी काही संबंध नाही. नशिबानं शूटमध्ये गर्दीतल्या एका खऱ्या गावकऱ्यानं, ॲक्टर नाही, आपल्या मनानंच दहाची नोट पुढं केली होती आणि बाईनंही सवयीनं ती घेऊन कपाळाला लावली होती. कट झाल्यावरही कॅमेरा चालू राहिला म्हणून ते मिळालं. ते पहिलं बक्षीस. धृपद संपते, ढोलकी थांबते, निवेदक नाव घेते, दहा रुपये म्हणते, लोक हसतात, गाणं पुढं. पाहणाऱ्याला रीत कळली, कोणी समजावून न सांगता.

दुसरं बक्षीस पोलीस पाटलाचं, पन्नास रुपये. हा माणूस आधीच्या सीनमध्ये मनोहरला सगळ्यांसमोर टोमणा मारून गेलेला आहे, आणि त्याचं नाव पुकारताना मनोहरचा क्लोज आहे, रफ कटमधला तोच हसरा. गंमत पाहा, तोच शॉट, एक फ्रेमही बदलली नाही, पण पाटलाच्या नावानंतर लावला तर ते हसू ओढून आणलेलं दिसते.

तिसऱ्यांदा मनोहर शंभर देते. "मनोहर काशीराम भोयर यांच्याकडून शंभर रुपये." लोक मागं वळून पाहतात. शंभरावर थांबला असता तर खोटं वाचलं असतं, उसने घेतले असतील, कोणी दिले असतील, काहीही सांगता आलं असतं. पण त्याला स्वतःचं नाव ऐकून काय झालं ते चेहऱ्यावर दिसते, आणि एका अंतऱ्यानंतर तो पाचशेची नोट काढते.

आता पाचशेच्या नोटेचं. ही नोट १९८७ ला आली, पण १९९७ च्या खेड्यात मजुरी करणाऱ्याच्या हातात ती पाहिलेले लोक फार नसतील. डायरेक्टरनं ती जुनी नोट कुठून तरी मिळवली होती, पण शॉट होता लांबून, नोट हवेत, कळायला मार्ग नाही की दहाची की पाचशेची. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये मात्र मला बाईच्या हातातला शॉट सापडला. ती नोट घेते, बल्बच्या उजेडाकडं धरते, पाऊण सेकंद पाहते, मग निवेदकाकडं वळते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती रोज नोटा घेणारी बाई आहे, मोठी नोट आली की ती पाहणारच, खोटी निघाली तर नुकसान तिचं. त्या पाऊण सेकंदानं नोट किती मोठी आहे ते अख्ख्या हॉलला समजते, एक अक्षर न बोलता. आणि एक सांगतो, ह्या शॉटमुळं ती बाई गोष्टीतली माणूस झाली. रफ कटमध्ये तिची कंबर होती, पैंजण होते, पाठ होती. खालून लावलेल्या अँगलचे सगळे शॉट मी काढून टाकले, कारण ते कोणाचेच डोळे नव्हते, पब्लिकमधून तसं दिसतच नाही, झाडीपट्टीत स्टेज काही माणसाच्या छातीएवढं उंच नसते.

आता भाऊ. सुधाकर गर्दीत बसलेला आहे हे स्क्रिप्टमध्ये होतं, पण त्याच्या सगळ्या टेकमध्ये तो स्टेजकडं पाहत होता, जसं बाकी पब्लिक पाहते. एक टेक मात्र कंटिन्युइटीवाल्यांनी बाद मारून ठेवला होता, शेरा होता नजर चुकली. त्यात पब्लिक सगळं डावीकडं पाहून राहिलं आणि हा एकटा उजवीकडं. मी तो टेक उघडला आणि खुर्चीवरून उठलोच. मनोहर उजवीकडंच बसला होता! पोरगा ॲक्टर म्हणून एवढा आत गेला होता की तो नाचणारीकडं पाहतच नव्हता, भावाकडं पाहत होता. शंभर लोकांच्या नजरा एकीकडं आणि एकाची दुसरीकडं, ह्याच्यापेक्षा जास्त काही सांगायची गरजच नाही. पाचशे रुपये असं पुकारल्यावर मी तो शॉट पूर्ण सहा सेकंद ठेवला. सहा सेकंद म्हणजे लावणीच्या एडिटमध्ये फार मोठा काळ होते, तिथं शॉट दीड दोन सेकंदांवर बदलत असतात, म्हणून तो एक ठेवला की आपोआप टोचते.

इथपर्यंत चित्राचं झालं. खरं डोकं आवाजानं खाल्लं.

गाणं स्टुडिओत आधीच रेकॉर्ड झालेलं, क्लिकवर, एका लयीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठं श्वास नाही. आणि पुकारायचं म्हणजे गाणं थांबलं पाहिजे. पहिल्यांदा आम्ही काय केलं, गाण्याचा आवाज खाली घेतला आणि वरून निवेदकाचा आवाज टाकला. ते इतकं वाईट वाटलं, रेडिओवर जाहिरात लागल्यासारखं, कारण खऱ्या बैठकीत गाणं बारीक होत नाही, ते थांबते. मग गाणं सरळ कापून पाहिलं, तर पाय उचललेला आणि ताल गायब, नाचणारी अर्धवट लटकलेली.

संगीतकारांना बोलावलं, महाल भागात त्यांच्या ओळखीचे एक ढोलकीवाले काका आहेत, त्यांनाही. काकांनी दोनदा गाणं ऐकलं आणि म्हणाले, "हे गाणं थांबाले कुठं जागाच नाही ठेवली तुम्ही. धृपदाच्या शेवटी तिहाई घ्या, समेवर पडा, गप बसा. मंग बोलू द्या त्याले." तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून तिसऱ्यांदा बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं, ऐकणाऱ्याला ताल कळो न कळो, आता हे संपलं हे पोटातून कळते. काकांनी चारही जागी ढोलकी नव्यानं वाजवून दिली. आधीच्या ओळीच्या शेवटी तिहाई, समेवर एक भरीव थाप, मग शांतता. बोलणं झालं की उठाण, म्हणजे ढोलकीचा तो तुकडा जो गाण्याला परत उचलते. त्यांनी एक गोष्ट आपणहून केली जी मला सुचलीच नसती. पहिल्या तीन बक्षिसांनंतर उठाण लगेच आहे, नाव संपलं की थाप. पाचशेनंतर त्यांनी थाप उशिरा दिली. जवळपास दोन सेकंद काहीच नाही. ते म्हणे, एवढी मोठी नोट आली तर ढोलकीवालाही मान वर करून पाहते ना जी.

त्या दोन सेकंदांतच सुधाकरचा शॉट सुरू होते.

नाचाचं चित्र आणि नवीन ढोलकी जुळवायला मात्र त्रास झाला. समेवर बाईचा पाय पडलेला पाहिजे, तो कुठं दोन फ्रेम आधी, कुठं तीन फ्रेम नंतर. जिथं जमलं तिथं शॉट सरकवला, जिथं नाही जमलं तिथं समेच्या क्षणाला पाय दाखवलाच नाही, ढोलकीवर पडणारा हात किंवा झांजवाल्याचा चेहरा दाखवला. लावणीत हे ओळखायची सोपी खूण आहे, आवाज बंद करून सिक्वेन्स पाहा आणि पायावरून ताल मोजा. हरवला तर कट चुकला आहे.

आता राहिली कौशल्या. ती नाटकाला आलेली नाही, म्हातारी सासू आजारी म्हणून घरी आहे. रफ कटमध्ये तिला सगळं सकाळी कळत होतं, भाऊ दारात येऊन बोलते तेव्हा. पण भोंगा कशाला लावला होता मग? मंडईतला भोंगा रात्रीच्या थंडीत शेताशेतातून लांब ऐकू जाते, नाटकाला न गेलेले लोक अंथरुणात पडून नाटक ऐकतात, हे ज्यानं त्या भागात एक हिवाळा काढला त्याला सांगावं लागत नाही. म्हणजे मनोहरनं आपलं नाव पुकारून घेतलं ते फक्त बसलेल्या लोकांसमोर नाही, पूर्ण गावासमोर, आणि त्यात त्याचं घर पण आलं. हे त्याच्या ध्यानातच नाही.

कौशल्याचा रात्रीचा एक शॉट दुसऱ्या सीनसाठी घेतलेला होता, ओसरीत चिमणीच्या उजेडात ती तांदूळ निवडत बसली आहे. शंभर रुपयांच्या वेळेला तो वापरला, बायकोचा हात चालूच राहते, तिला वाटते ऐकण्यात चुकलं असेल. पाचशेच्या वेळेला हात थांबते. दोन्ही एकाच टेकमधले तुकडे आहेत, तिला खरं तर डायरेक्टरनं मध्येच आवाज दिला होता म्हणून ती थांबली होती.

घरी ऐकू येणाऱ्या आवाजाला वेगळं करावं लागलं. भोंग्यातून खालचा ढम आवाज येतच नाही आणि वरची चमकही येत नाही, म्हणून साधारण तीनशे ते तीन हजार हर्ट्झचा मधला पट्टा ठेवला, बाकी कापलं. घर मंडईपासून अर्धा किलोमीटर धरलं तर आवाज पोहोचायला दीड सेकंदाच्या आसपास लागते, म्हणून स्टेजवर निवेदकाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि घराच्या शॉटवर त्याचाच शेवटचा तुकडा परत, लांबून, "...भोयर यांच्याकडून पाचशे रुपये." एकच नाव दोनदा ऐकू येते. पहिल्यांदा ते त्याचा मान आहे, दुसऱ्यांदा त्याच नावानं तो पकडल्या गेला आहे. मागं कुत्रं आणि रातकिडे होते ते ठेवले, नाहीतर आवाज स्टुडिओतलाच वाटला असता.

डायरेक्टरचा विरोध होता, आणि त्याचं म्हणणं काही हवेतलं नव्हतं. त्याला भीती होती की चार वेळा गाणं थांबवलं तर लावणीची नशा उतरते. "दादा, पब्लिक लावणी पाहाले येईन ना जी, हे तर नाव वाचून राहिले आपण." म्हणून पहिलं धृपद आणि पूर्ण पहिला अंतरा मी अजिबात तोडला नाही, जवळपास सव्वा मिनिट नुसती लावणी आहे, अदा आहे, तिची नजर आहे, क्रेनचा तो एक सुंदर शॉट पण आहे. पहिलं बक्षीस त्यानंतर. पाहणाऱ्याला आधी बैठकीत बसू द्यायचं, मग खिशात हात घालायचा. उलट केलं तर लावणी फक्त पुरावा होऊन बसते आणि त्यात काही राम राहत नाही.

दुसरा वाद ट्रायलमधल्या एका जुन्या माणसानं काढला होता, की आपल्या इकडचं लोकनाट्य म्हणजे तर खडी गंमत, तिथं बाईचं काम पुरुषच करते, मग ही पुण्याची लावणी काहून. मुद्दा बरोबर आहे, आणि खडी गंमतीवर कोणी पिक्चर करावा अशी माझी फार इच्छा आहे. पण इथं नाटकाच्या मध्ये पाहुणी म्हणून लावणी आलेली आहे, ती बाई गावची नाही, तिला मनोहर कोण, बुडीत काय, भाऊ कोण, काही माहीत नाही. तिच्या तोंडून नाव विचारल्या जाते आणि ते निवेदकाला सांगितल्या जाते. गावचा नाच्या असता तर त्यानं पाचशेची नोट पाहून डोळा मिचकावला असता, काहीतरी टोमणा मारला असता, आणि खोटं गमतीत निघून गेलं असतं. परक्या बाईनं नुसतं नाव घेतलं म्हणून ते जड झालं.

शेवटी हिशेब असा बसला. आधी लावणी आणि सकाळचा सीन मिळून सात मिनिटं होते, आता पूर्ण सिक्वेन्स ३ मिनिटं ५० सेकंदांचा आहे आणि सकाळचा सीन काढूनच टाकला. त्याच्या जागी फक्त एक शॉट, मनोहर पहाटे घरी येते, ओसरीत निवडलेल्या तांदळाचा सूप तसाच आहे, कौशल्या चहा ठेवते आणि भावासाठी पण कप मांडते. सुधाकर तिथं आधीच बसलेला आहे. डायलॉग नाही. नवीन कट परत दाखवला तेव्हा तोच प्रश्न विचारला, भावाला कळलं कसं, तर उत्तर सगळ्यांकडून एकच आलं. उलट दोन बायका मला म्हणाल्या की भावाचं जाऊ द्या, त्या बायकोला घरबसल्या कळलं ते जास्त लागलं.

एक जागा अजूनही मला खटकते. पोलीस पाटलाच्या बक्षिसाच्या वेळेला पाटील नोट देतानाचा शॉटच नाही, फक्त त्याचं नाव ऐकू येते आणि मनोहरचा चेहरा दिसते, त्यामुळं ज्यानं आधीचा टोमण्याचा सीन नीट पाहिला नाही त्याचं ते पन्नास रुपये वाया जातात. फुटेजच नाही त्याला काही करता येत नाही, म्हणून टोमण्याच्या सीनमध्ये पाटलाचं पूर्ण नाव दोनदा घेतलं जाईल असं डबिंगमध्ये करून घेतलं. प्रोड्यूसरला पूर्ण गाणं प्रमोशनसाठी पाहिजे होतं, तर ते ४ मिनिटं ४० सेकंदांचं जुनं व्हर्जन, न थांबणारं, वेगळं काढून दिलं आहे.